चार रुपयांची चौकट: ऑर्डर ब्लॉक आणि फेअर व्हॅल्यू गॅप किती खरे?

निपाणी, खानापूर, चिकोडीकडच्या ट्रेडिंग ग्रुपवर दुपारच्या सुमाराला एक ठरावीक स्क्रीनशॉट येतो. चार्टवर हिरवी चौकट, भाव वरून खाली येऊन त्या चौकटीत शिरलेला, तिथून उसळलेला, आणि खाली ओळ: "ओबी टॅप झाला, बघा कसा सुटला." ओबी म्हणजे ऑर्डर ब्लॉक, ही चौकट; टॅप म्हणजे भावाने तिला येऊन शिवणं. टिळकवाडीतल्या क्लासपासून हिंदी व्हिडिओंपर्यंत सगळीकडे हेच शिकवलं जातं, की मोठ्या संस्थांनी जिथे खरेदी केली तिथे त्यांच्या अपुऱ्या ऑर्डरी शिल्लक असतात, भाव त्या भरायला परत येतो, आणि आपण तिथे आधीच जाऊन बसायचं. चौकट कशी काढायची हे शिकायला अर्धा तास पुरतो. ती चौकट काही सांगते का, हे तपासायला मात्र फार थोडे जण बसतात. इथे दोन्ही करू. त्यासाठी एकाच चार्टचा पाऊण तास घेऊ आणि तो शेवटपर्यंत सोडायचा नाही.

ही परिभाषा मुख्यतः अमेरिकेतल्या मायकल हडलस्टन यांनी 'इनर सर्कल ट्रेडर' या नावाने इंटरनेटवर पसरवली. पुढे तिला 'स्मार्ट मनी कन्सेप्ट' हे सुटसुटीत नाव चिकटलं. मूळ भर परकीय चलनावर होता; आपल्याकडे ती निफ्टी, बँक निफ्टी आणि शेअरवर जशीच्या तशी लावली जाते. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

चौकट काढायची कशी

आठशे रुपयांच्या आसपासचा एक शेअर घ्या. आकडे समजावण्यापुरते बनवलेले आहेत. चार्ट १५ मिनिटांचा. सकाळी भावाने ८०३.५० हा तळ आणि १० वाजता ८१३ हा माथा केला आहे. त्यानंतरच्या तीन कँडल अशा:

१०:३० ची कँडल लाल. उघडली ८०६ ला, वर ८०७, खाली ८०२.५०, बंद ८०३.
१०:४५ ची हिरवी आणि लांब. वर ८१५.५०, खाली ८०२.८०, बंद ८१५.
११:०० ची हिरवी. वर ८१९, खाली ८११, बंद ८१७.५०.

जोरदार चढण सुरू होण्याआधीची शेवटची लाल कँडल म्हणजे तेजीचा ऑर्डर ब्लॉक. इथे तो ८०२.५० ते ८०७. काही जण वातीसकट मोजतात, काही फक्त अंग धरतात, म्हणजे ८०३ ते ८०६. फेअर व्हॅल्यू गॅपसाठी तीन कँडल बघायच्या: पहिलीचा माथा आणि तिसरीचा तळ. तिसरीचा तळ पहिलीच्या माथ्याच्या वर राहिला, तर मधली जागा म्हणजे गॅप. इथे ८०७ ते ८११, चार रुपये. मधली रेष ८०९. मंदीसाठी हेच उलटं.

शिस्तीने शिकवणारे आणखी दोन अटी घालतात. लाल कँडलने आधीचा तळ किंचित मोडलेला असावा, म्हणजे त्या तळाखाली लावलेले स्टॉपलॉस उडालेले असावेत. आणि हिरव्या कँडलने आधीचा माथा ओलांडून त्याच्या वर बंद व्हावं. आपल्या उदाहरणात दोन्ही जमतं: ८०२.५० हा ८०३.५० च्या खाली, ८१५ हे ८१३ च्या वर. क्लासच्या भाषेत हा 'ए प्लस सेटअप'.

आता सौदा. ८०९ ला खरेदीची लिमिट ऑर्डर, स्टॉप ऑर्डर ब्लॉकच्या खाली ८०२ ला, जोखीम सात रुपये, लक्ष्य दुप्पट म्हणजे ८२३.

समजा पुढे भाव ८०८.२० पर्यंत उतरला, तिथून ८२४ पर्यंत गेला आणि दुपारी घसरून ८०१ ला आला. स्क्रीनशॉट ८२४ वर काढला जाईल आणि चौकट 'चालली' असंच दिसेल. पण तीन विद्यार्थी तीन पद्धतींनी बसले होते. ज्याने गॅपच्या वरच्या कडेला ८११ ला घेतलं त्याची जोखीम नऊ रुपये, लक्ष्य ८२९. ते आलंच नाही, स्टॉप उडाला. ज्याने मधल्या रेषेला घेतलं त्याला चौदा रुपये मिळाले. ज्याने ऑर्डर ब्लॉकच्या माथ्यावर ८०७ ला लिमिट लावली त्याची ऑर्डर भरलीच नाही, आणि भाव ८२४ ला गेलेला पाहून त्याने ती रद्द केली. चौकट एक आणि निकाल तीन: तोटा, नफा, काहीच नाही. सौदा झाल्यावर यांतली कोणतीही पद्धत 'बरोबर' म्हणून दाखवता येते. नियम आधी लिहून ठेवलेला नसेल, तर 'सत्तर टक्के चालतं' या वाक्यात नेमकं काय चालतं हेच ठरत नाही.

तोच पाऊण तास, पाच मिनिटं सरकवून

फेअर व्हॅल्यू गॅपचं स्पष्टीकरण असं असतं: भाव इतका एकतर्फी पळाला की या पट्ट्यात दुसऱ्या बाजूला सौदे करायची संधीच मिळाली नाही, म्हणून बाजार समतोल साधायला परत येतो. मग त्या लांब हिरव्या कँडलच्या पोटात काय चाललं होतं ते पाहायला हवं. त्या पाऊण तासाच्या पाच मिनिटांच्या कँडल उघडू. आधीची एक आणि नंतरच्या दोनही जोडू.

| वेळ | माथा | तळ |
|---|---|---|
| १०:२५ | ८०८.०० | ८०५.५० |
| १०:३० | ८०७.०० | ८०४.५० |
| १०:३५ | ८०५.५० | ८०३.२० |
| १०:४० | ८०४.०० | ८०२.५० |
| १०:४५ | ८०६.५० | ८०२.८० |
| १०:५० | ८१२.०० | ८०५.८० |
| १०:५५ | ८१५.५० | ८०७.५० |
| ११:०० | ८१६.५० | ८११.०० |
| ११:०५ | ८१९.०० | ८१३.०० |
| ११:१० | ८१८.५० | ८१५.५० |
| ११:१५ | ८१७.०० | ८११.८० |
| ११:२० | ८१३.५० | ८१०.०० |

१०:५० ची ओळ बघा: भाव ८१२ पर्यंत गेला. १०:५५ ला परत ८०७.५० पर्यंत उतरला आणि मग वर गेला. म्हणजे ८०७ ते ८११ हा 'रिकामा' पट्टा, खालचे पन्नास पैसे सोडले तर, भावाने त्या दहा मिनिटांत वर जाताना, खाली येताना आणि पुन्हा वर जाताना असा तीनदा ओलांडला. सौदे दोन्ही बाजूंनी झाले. १५ मिनिटांच्या कँडलने ते पोटात घेतले, म्हणून आपल्याला दिसले नाहीत, इतकंच.

आता एनएसईचा बाजार ९:१५ ला उघडतो म्हणून आपल्या कँडल १०:३०, १०:४५ अशा पडतात. त्या १०:३५ पासून मोजल्या तर? पहिलीचा माथा ८०६.५०, तिसरीचा तळ ८११.८०. गॅप झाला पाच रुपये तीस पैसे. १०:२५ पासून मोजल्या तर पहिलीचा माथा ८०८, तिसरीचा तळ ८०७.५०, गॅप नाही. त्याच मोजणीतला पुढचा त्रिकूट, १०:४० पासूनचा, घेतला तरी माथा ८१२ आणि तळ ८१०, तिथेही नाही. शेअर, सौदे, पैसे सगळं तेच. फक्त घड्याळाची सुरुवात हलली, तर चौकट कधी मोठी झाली, कधी गायब झाली.

स्वतःच्या चार्टवर हे करायला कुठलंही विकतचं साधन लागत नाही. पाच मिनिटांचा डेटा उतरवा आणि तिन्ही सुरुवातींनी १५ मिनिटांच्या कँडल बांधा. जे गॅप तिन्हींत टिकतात ते निदान खऱ्या वेगवान हालचालीचे आहेत. जे एकाच मोजणीत दिसतात ते घड्याळाने काढलेले आहेत. आमच्या मते ही एकच चाळणी लावली तरी चार्टवरच्या चौकटी बऱ्याच कमी होतात. इंडिकेटर विकणाऱ्याला ते अर्थातच परवडणारं नाही.

'मोठ्यांच्या शिल्लक ऑर्डरी' असतात कुठे?

ऑर्डर ब्लॉकची गोष्ट ऐकायला पटते, कारण तिचा अर्धा भाग खरा आहे. बेळगावच्या मार्केट यार्डात एखाद्या व्यापाऱ्याला उपवासाच्या हंगामासाठी पंचवीस ट्रक रताळी हवी असतील, तर तो सकाळी उठून पंचवीस ट्रकांचा पुकारा करत नाही. केला तर भाव त्याच्याच अंगावर चढेल. तो थोडं थोडं, वेगवेगळ्या अडत्यांकडून, गुपचूप उचलतो. फंड हेच करतो. समजा एखाद्या शेअरची रोजची उलाढाल वीस लाख शेअरची आहे आणि फंडाला पाच लाख घ्यायचे आहेत. त्याने उलाढालीच्या दहा टक्क्यांवर राहायचं ठरवलं तर त्याला अडीच दिवस लागतील. ही खरेदी संगणक तुकडे करून दिवसभर पसरतो आणि सरासरी भाव दिवसाच्या सरासरीच्या जवळ ठेवायचा प्रयत्न करतो. एनएसईवर 'डिस्क्लोज्ड क्वांटिटी'ची सोयही आहे: पूर्ण ऑर्डरचा किमान दहा टक्के भाग उघड ठेवून बाकीचा झाकता येतो.

इथपर्यंत ठीक. पण या वर्णनातूनच दोन अडचणी निघतात. पहिली अशी, की सराईत मोठा खरेदीदार माग न ठेवण्यासाठीच इतका खटाटोप करतो. मग त्याचा माग एका लाल कँडलमध्ये ढळढळीत सापडेल असं का मानायचं? लांब हिरवी कँडल म्हणजे कुणीतरी घाईत होतं, एवढंच कळतं. तो फंड होता, की मंदीवाल्यांचे स्टॉप उडाले, की एखादी बातमी आली, हे कँडल सांगत नाही. प्रत्येक सौद्यात एक घेणारा आणि एक विकणारा असतोच, आणि चार्टवर नावं छापलेली नसतात.

दुसरी अडचण सरळ तांत्रिक आहे. एनएसईच्या रोख बाजारात न भरलेली ऑर्डर त्याच दिवशी बाजार बंद होताना रद्द होते. दुसऱ्या दिवशी ऑर्डर बुक कोरं असतं. ब्रोकर जीटीटीची सोय देतात, पण ती ब्रोकरच्या सर्व्हरवर पडून असते आणि भाव आल्यावरच एक्स्चेंजला जाते. त्यामुळे मंगळवारच्या ऑर्डर ब्लॉकमध्ये शुक्रवारी 'अपुऱ्या ऑर्डरी थांबल्या आहेत' हे वाक्य शब्दशः खरं असू शकत नाही. फार तर कुणाच्या मनात तो भाव अजून असेल. तसं असणं अशक्य नाही, पण मनातली ऑर्डर चौकटीने मोजता येत नाही. चलन बाजारात बँकांकडे ऑर्डरी दिवसेंदिवस राहतात, म्हणून तिथे ही कल्पना थोडी तरी शोभते. हडलस्टन तर एका मध्यवर्ती अल्गोरिदमबद्दल बोलतात, जो भाव ठरावीक जागी 'पोचवतो'. एनएसईवर सौदे जुळवण्याचा नियम मात्र जाहीर आहे: चांगल्या भावाला आधी, आणि भाव समान असेल तर आधी आलेल्याला आधी.

स्टॉप उडवण्याच्या कल्पनेला मात्र अभ्यासाचा आधार आहे, आणि तो नाकारू नये. कॅरल ऑसलर यांनी २००३ साली एका मोठ्या बँकेच्या चलन-ऑर्डरींचा अभ्यास प्रसिद्ध केला. नफा काढून घेण्याच्या ऑर्डरी गोल आकड्यांवर दाटतात आणि स्टॉपलॉस गोल आकड्याच्या किंचित पलीकडे दाटतात, असं त्यात दिसलं. त्यामुळे भाव गोल आकड्याशी अडखळतो, आणि तो ओलांडला की वेगाने पळतो. पण लक्षात घ्या, इथे प्रत्यक्ष ऑर्डरी मोजलेल्या होत्या, कँडलवरून ओळखलेल्या नव्हत्या. आणि हा आधार ठळक पातळीच्या पलीकडच्या स्टॉपना आहे. 'शेवटच्या लाल कँडल'ला नाही.

नाणेफेकीचा चार्ट

आता सगळ्यात मोठा प्रश्न. 'गॅप भरतोच' हे दिसतं ना? दिसतं. पण नुसत्या नाणेफेकीने बनवलेल्या चार्टवरही ते तितकंच दिसतं का, हे आधी बघायला हवं. एक्सेल उघडा. `A2` मध्ये 800 लिहा. बाकी सूत्रं अशी:

```
A3:  =A2+NORM.INV(RAND(),0,0.5)
C2:  =MAX(OFFSET($A$2,(ROW()-2)*15,0,15,1))
D2:  =MIN(OFFSET($A$2,(ROW()-2)*15,0,15,1))
E4:  =IF(D4>C2,D4-C2,0)
F4:  =IF(C4<D2,D2-C4,0)
H1:  =COUNTIF(E4:F251,">0")
```

`A3` चं सूत्र `A3751` पर्यंत ओढा, `C` आणि `D` ची २५१ व्या ओळीपर्यंत, `E` आणि `F` चीही तिथपर्यंत. `A` म्हणजे मिनिटामिनिटाचा भाव. प्रत्येक मिनिटाला वर जायचं की खाली, हे निव्वळ नशिबावर. बाजारात दिवसाची ३७५ मिनिटं असतात, म्हणून हा दहा दिवसांचा, २५० कँडलचा चार्ट झाला. `E` मध्ये तेजीचे गॅप, `F` मध्ये मंदीचे. `F9` दाबाल तसा नवा चार्ट तयार होतो.

`H1` मध्ये बहुतेक वेळा साठ ते नव्वदच्या दरम्यान आकडा दिसेल. या शेअरमध्ये ना फंड आहे, ना परदेशी गुंतवणूकदार, ना कुणाची शिल्लक ऑर्डर. तरी दिवसाला सरासरी सहा-नऊ गॅप! बरेचसे बारीक असतात, पण काही चांगले लांबरुंद निघतात, आणि चार्ट काढून पाहिला तर त्यांच्याआधीची लाल कँडलही सापडते.

गॅपच्या जवळच्या कडेला भाव परत किती वेळा टेकतो, हेही गणिताने काढता येतं. अशा दिशाहीन चार्टवर पुढच्या २५ कँडलमध्ये, म्हणजे एका दिवसाच्या वेळात, साधारण पाचातल्या चार गॅपना भाव परत शिवतो. कारण साधं आहे: गॅप भावाच्या अगदी जवळ असतो आणि भाव डगमगत राहतो. तेव्हा कुणी 'ऐंशी टक्के गॅप टॅप होतात' म्हणालं, तर त्याने बाजाराबद्दल अजून काहीच सांगितलेलं नाही.

हीच गोष्ट यशाच्या टक्क्यांची. दिशाहीन भावात स्टॉप सात रुपये खाली आणि लक्ष्य चौदा रुपये वर असेल, तर लक्ष्य आधी लागण्याची शक्यता ७ भागिले २१, म्हणजे एक तृतीयांश. तीनपट लक्ष्य ठेवलं तर पाव. 'माझे चाळीस टक्केच सौदे चालतात, पण रिवॉर्ड दुप्पट आहे' हे ऐकायला भारी वाटतं. तेहतीस टक्के फुकटात मिळतात. वरच्या सातांचाच काय तो प्रश्न.

आणि त्या सातांतूनही खर्च जातो. ८०९ ला १०० शेअर इंट्राडे घ्या. सवलतीच्या ब्रोकरकडे दोन्ही बाजूंची दलाली ४० रुपये, विक्रीवर एसटीटी ०.०२५ टक्के म्हणजे सुमारे २० रुपये, त्यावर एक्स्चेंजचं शुल्क, मुद्रांक आणि जीएसटी. मिळून ७५ रुपयांच्या आसपास. जोखीम ७०० रुपयांची होती. म्हणजे चालला तर १,३२५ हातात, नाही चालला तर ७७५ गेले. बरोबरीला यायला सौद्यांपैकी ३७ टक्के चालायला हवेत. स्टॉप उडताना भाव घसरून तीस-चाळीस पैसे खाली भरला, तर त्याहून थोडे जास्त.

पन्नास सौद्यांत वीस चालले, म्हणजे चाळीस टक्के, हा पुरावा आहे का? नाही. खरी शक्यता एक तृतीयांशच असली तरी पन्नास सौद्यांच्या निकालात साडेसहा टक्क्यांची इकडेतिकडे अगदी नेहमीची आहे. तेहतीस आणि चाळीस यांच्यातला फरक बऱ्यापैकी खात्रीने ओळखायला सुमारे दोनशे सौदे लागतात. महिन्याभराच्या क्लासमध्ये तितके होत नाहीत.

तुलना कशाशी करायची

इथे बहुतेक तपासण्या फसतात, कारण लोक फक्त चौकटीचे सौदे मोजतात. मोजायला तीन रकाने हवेत.

पहिला रकाना चौकटीचा. नियम आधी कागदावर: वातीसकट की अंग, प्रवेश कुठे, स्टॉप कुठे, किती कँडलनंतर ऑर्डर रद्द, आणि सकाळच्या ९:१५ च्या उडीने तयार झालेला गॅप धरायचा की नाही. तो रात्रीच्या बातमीचा असतो, दिवसातल्या वेगाचा नाही, म्हणून आम्ही तो वेगळा ठेवायचा सल्ला देऊ.

दुसरा रकाना नाणेफेकीच्या चौकटीचा. आपल्या सौद्यात तिसरी कँडल ८१७.५० ला बंद झाली तेव्हा प्रवेश ८.५० रुपये खाली होता, स्टॉप १५.५० खाली, लक्ष्य ५.५० वर. त्याच दिवशी `RANDBETWEEN` ने कुठलीही एक कँडल निवडा आणि तिच्या बंद भावापासून हीच तीन अंतरं लावा. चौकट नाही, कारण नाही, फक्त अंतर तेच.

तिसरा रकाना सर्वात बोलका. तितकीच लांब हिरवी कँडल निवडा, जिच्या मागेपुढे गॅप झालेला नाही, आणि पुन्हा तीच अंतरं लावा. कारण जोरदार चढणीनंतर भावात थोडा दम शिल्लक राहत असेल, तर त्याचं श्रेय गॅपला नाही, चढणीला जातं. पहिला रकाना दुसऱ्यापेक्षा बरा पण तिसऱ्याइतकाच निघाला, तर तुमच्या हाती मोमेंटमची जुनीच ओळखीची गोष्ट लागली. चौकट ही सजावट.

नोंदताना चार ठिकाणी पाय घसरतो. भाव लिमिटला नुसता शिवला तर ऑर्डर भरली असं धरू नका. निदान पाच पैसे पलीकडे गेला तरच धरा, कारण त्या भावाला तुमच्या पुढे रांग असते. एकाच कँडलमध्ये स्टॉप आणि लक्ष्य दोन्ही आले तर तोटा लिहा. 'माथा मोडला' हे ठरवताना तो माथा त्या क्षणी माथा म्हणून ठरलेला होता का ते पाहा. अनेक इंडिकेटर पुढच्या काही कँडल पाहून मग मागे जाऊन खूण करतात. चार्टवर ती खूण आधीपासून होती असं वाटतं. आणि इंडिकेटरच्या सेटिंगमध्ये मोडलेल्या चौकटी लपवण्याचा पर्याय असेल तर तो बंद करा. तो चालू असताना चार्टवर फक्त वाचलेल्या चौकटी उरतात आणि प्रत्येक चौकट चाललेली दिसते. स्क्रीनशॉटची अर्धी जादू तिथेच आहे.

मोठा पैसा खरंच काय करतो

सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात याचं एक उत्तर आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटींच्या वर गेला. २०२३-२४ मध्ये खर्च वजा करण्याआधी ब्रोकरांच्या स्वतःच्या खात्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदारांनी सुमारे २८ हजार कोटी कमावले. या कमाईचा ९६-९७ टक्के भाग अल्गोरिदमने केलेल्या सौद्यांतून आला. म्हणजे 'स्मार्ट मनी' नावाची वस्तू आहे. पण ती यंत्राच्या वेगाने, अत्यंत कमी खर्चात, हजारो छोट्या फरकांवर काम करते. ११:१५ ला तिसरी कँडल बंद होऊन गॅप दिसल्यावर लिमिट लावणारा माणूस तिच्या मागोमाग चालत नाही. बऱ्याचदा तिच्या समोरच्या बाजूला उभा असतो.

तरीही चौकटीचा एक उपयोग मान्य करायला हरकत नाही. स्टॉप कुठे लावायचा हे ती आधी ठरवायला लावते, आणि पळत्या भावामागे धावण्यापासून रोखते. ८१७ ला हावेने घेण्यापेक्षा ८०९ ला थांबणं स्वस्त पडतं. पण हे काम आधीच्या तळाची एक साधी आडवी रेषही करते, आणि तिच्यासाठी पंचवीस हजारांची फी लागत नाही.

फी भरायचीच असेल तर दोन गोष्टी तपासून घ्या. जानेवारी २०२५ च्या सेबीच्या परिपत्रकाने फक्त शिक्षण देणाऱ्याला मागच्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरून शिकवायला मनाई केली. कुणी आजच्या निफ्टीवर चौकट काढून 'इथून घ्या' म्हणत असेल, तर ते शिक्षण उरलं नाही, तो सल्ला झाला, आणि त्याला नोंदणी लागते. रिसर्च अ‍ॅनालिस्टचा नोंदणी क्रमांक `INH` ने सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा `INA` ने. दोन्ही `sebi.gov.in` वर शोधता येतात. दुसरं, स्क्रीनशॉट मागू नका. सलग दोनशे सौद्यांची यादी मागा, प्रवेशाच्या वेळेसह, तोट्याच्या सौद्यांसकट, आणि ब्रोकरच्या काँट्रॅक्ट नोटशी ताडून बघता येईल अशी. बहुतेक ठिकाणी ग्रुपमधून काढून टाकतील. एखाद्याने खरंच दिली, तर शेजारी वरचे दुसरा आणि तिसरा रकाने तुम्हीच भरून बघा.